बाहेरून आलेले लोक आणि गुन्हे: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

वाळूज आणि शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, जालन्याचे स्टील कारखाने, नांदेड-परभणीकडच्या वीटभट्ट्या, बीडचे ऊसतोडीचे तालुके. या भागांतून आमच्याकडे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत खोलीमालक आहेत, सरपंच आहेत, सोसायटीचे चेअरमन आणि शिक्षक आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्थलांतरित म्हणजे नेमके कोण? आमच्याकडे तर यूपी-बिहारवाल्यांनाच तसं म्हणतात.

आधी जिथे राहत होता ते ठिकाण सोडून दुसरीकडे राहायला आलेला प्रत्येक माणूस जनगणनेच्या हिशोबात स्थलांतरित असतो. २०११ च्या जनगणनेत असे सुमारे ४५ कोटी लोक निघाले. त्यातले निम्म्याच्या जवळपास लग्नामुळे गाव बदललेले, म्हणजे मुख्यतः सासरी गेलेल्या बायका. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांचा आकडा त्या मानाने लहान आहे, साडेपाच कोटींच्या आसपास.

म्हणजे नांदेडहून लातूरला नांदायला आलेली सून स्थलांतरित. नीटच्या क्लाससाठी हिंगोलीहून लातूरला आलेला आणि खोली करून राहणारा पोरगा स्थलांतरित. बीडहून हंगामाला कोल्हापूरकडे गेलेलं जोडपं स्थलांतरित, आणि झारखंडहून जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये आलेला कामगारही स्थलांतरितच. गुन्ह्यांचा विषय निघाला की पहिले तिघे कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, चौथाच येतो. गैरसमजाची सुरुवात तिथेच होते.

२. एका वाक्यात सांगा, बाहेरून आलेले लोक जास्त गुन्हे करतात का?

जिथे हे नीट मोजता आलं, तिथे बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असं निघालं आहे. काही ठिकाणी दर जास्तही निघाला, त्याची कारणं प्रश्न ६ मध्ये आहेत. भारतात मात्र अशी थेट मोजणी होतच नाही (प्रश्न ३). त्यामुळे आपल्याकडे जे टक्के ठामपणे सांगितले जातात, त्यांच्या खाली आधार नसतो.

३. एनसीआरबीच्या अहवालात परप्रांतीयांनी केलेल्या गुन्ह्यांचा आकडा कुठल्या पानावर आहे?

कुठल्याच पानावर नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात अटक झालेल्यांचं वय आणि स्त्री-पुरुष अशी विभागणी मिळते. परदेशी नागरिकांचे गुन्हे वेगळे दिलेले असतात. अटक झालेला माणूस त्याच जिल्ह्यातला, दुसऱ्या जिल्ह्यातला की दुसऱ्या राज्यातला, ही विभागणी त्यात नसते. तुरुंगांविषयीचा अहवाल वेगळा निघतो. त्यात कैदी राज्यातला की परराज्यातला हे असतं, पण ते आकडे वाचताना एक मोठी चूक होते. ती प्रश्न ७ मध्ये पाहा.

तेव्हा ‘एनसीआरबीनुसार इतके टक्के गुन्हे बाहेरचे करतात’ असा मेसेज आला, की पाठवणाऱ्याला वर्ष आणि तक्ता क्रमांक विचारा. भांडण करायची गरज नाही, एवढा एक प्रश्न पुरतो.

४. आमच्या ठाण्याच्या हद्दीत अटक झालेल्यांत तीस टक्के बाहेरचे निघाले. लोकसंख्येत ते वीस टक्केच आहेत. मग सरळ आहे ना?

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे, की तो पाटीवर सोडवल्यासारखा सोडवून दाखवतो. खालचे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, कुठल्याही ठाण्याचे नाहीत.

धरा, हद्दीत १,००,००० लोक राहतात. ८०,००० स्थानिक, २०,००० बाहेरून आलेले. वर्षभरात १०० जणांना अटक झाली, त्यातले ७० स्थानिक आणि ३० बाहेरचे. दर हजारी काढलं तर स्थानिकांत एकाहूनही कमी, बाहेरच्यांत दीड. बाहेरच्यांचा दर पावणेदोन पट दिसतो, आणि बहुतेक चर्चा इथेच संपते.

आता अटक कुणाला होते ते पाहा. जगात कुठेही पाहा, चोरी, मारामारी, खून या गुन्ह्यांत पकडले जाणारे बहुतांश तरुण पुरुष असतात. ८०,००० स्थानिकांत आज्या आहेत, बालवाडीतली पोरं आहेत, घर सांभाळणाऱ्या बायका आहेत. त्यांत १८ ते ३५ वयाचे पुरुष १२,००० धरू. बाहेरून आलेल्यांचं तसं नसतं. त्यांचे आईबाप, बायको, लेकरं गावाकडे असतात आणि इथे येतो तो कमावता गडी. म्हणून त्यांच्या २०,००० मध्येही त्या वयाचे पुरुष १२,०००च निघतात असं धरू. अटकेतले सगळे याच वयाचे पुरुष आहेत असं सोपेपणासाठी मानलं, तर स्थानिक तरुणांत दर हजारी ५.८ आणि बाहेरच्या तरुणांत २.५. मघाचं चित्र उलटं झालं.

अजून एक अडचण आहे, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात मोठी आहे. ते २०,००० कुठून आणले? जनगणना जुनी, मतदार यादीत त्यांचं नाव नाही, ग्रामपंचायतीच्या नोंदीत फक्त घरमालक. रांजणगाव शेणपुंजीसारख्या गावात एका खोलीत दिवसपाळीची तीन पोरं झोपतात तेव्हा रात्रपाळीची तीन कामावर असतात. कागदावर ती खोली एका कुटुंबाची असते. अटक झालेला प्रत्येक जण मात्र नावानिशी मोजला जातो. वरचा आकडा पूर्ण आणि खालचा अर्धवट असला की दर फुगणारच. खरे बाहेरचे ३०,००० आणि त्यांत तरुण १८,००० असतील, तर २.५ चा दर १.७ वर येतो.

शेवटी त्या ३० अटका कशाकशासाठी झाल्या तेही पाहावं लागतं (प्रश्न ८). एखाद्या ठाण्यात हा सगळा हिशोब करूनही बाहेरच्यांचा दर जास्त निघू शकतो. ते नाकारायचं कारण नाही. पण तीस आणि वीस हे दोन टक्के शेजारी ठेवून ते कळत नाही.

५. नीट मोजणी कुठे झाली आहे?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात. तिथे अटक झालेल्या प्रत्येकाचे बोटांचे ठसे केंद्राच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात. त्यामुळे आरोपी जन्मानं अमेरिकी आहे, कायदेशीर स्थलांतरित आहे की कागदपत्रांशिवाय आलेला आहे, हे कळतं. मायकेल लाइट आणि सहकाऱ्यांनी २०१२ ते २०१८ या वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. कागदपत्रं नसलेल्यांच्या तुलनेत जन्मानं अमेरिकी असलेल्यांना हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक, अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत अडीच पट आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांत चौपटीहून अधिक निघालं.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. स्थलांतरितांच्या वस्तीत लोक पोलिसांकडे जायला घाबरतात, म्हणून तिथले गुन्हे नोंदलेच जात नसतील. चोरीबाबत ते शक्य आहे. खुनाबाबत तसं होत नाही, कारण मृतदेह सापडला की तक्रार करणाऱ्याची वाट कुणी पाहत नाही. आणि खुनातही तोच कल दिसला.

स्थलांतरितांमुळे गुन्हे वाढतात ही भीती आणि तिचं हे उत्तर अमेरिकेत शंभर वर्षं जुनं आहे. १९११ मध्ये डिलिंगहॅम आयोगानं आणि १९३१ मध्ये विकरशॅम आयोगानं हाच प्रश्न तपासला होता. तेव्हा भीती इटली आणि पूर्व युरोपातून आलेल्यांची होती. दोन्ही वेळा, स्थलांतरितांमुळे गुन्हे वाढल्याचा समाधानकारक पुरावा हाती लागला नाही.

असं का होत असावं, याचं बरंचसं उत्तर आपल्या वाळूजमध्येही दिसतं. परमुलखात जाणारा माणूस कर्ज काढून, गावच्या कुणाच्या तरी ओळखीवर येतो. बारा तासांची पाळी करतो आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. पोलिसांत नाव गेलं की ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटपास काढून घेतो. गमावण्यासारखं त्याच्याकडे जास्त असतं.

६. पण युरोपात तर स्थलांतरितांचे गुन्हे जास्त आहेत. ते का सांगत नाही?

सांगायलाच हवं. स्वीडनच्या गुन्हे प्रतिबंधक परिषदेनं २०२१ मध्ये जो अहवाल काढला, त्यानुसार परदेशात जन्मलेल्यांची संशयित म्हणून नोंद होण्याचं प्रमाण आईवडील दोघेही स्वीडिश असलेल्यांच्या अडीच पट होतं. वय, स्त्री-पुरुष, उत्पन्न यांसारख्या गोष्टी सारख्या करून पाहिल्यावर ते १.८ पटीवर आलं. म्हणजे फरक बराच कमी झाला, पण पुसला गेला नाही. कुणी तो शून्यच आहे म्हणत असेल तर तेही चूक.

मग टेक्सास आणि स्वीडन यांत फरक कशाचा? यावर ब्रिटनमधला एक अभ्यास फार उपयोगी आहे. बेल, फसानी आणि मचिन या तिघांनी तिथे आलेल्या दोन लाटांची तुलना केली. एक लाट १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या आश्रय मागणाऱ्यांची, ज्यांना काम करण्यावर बंधनं होती. दुसरी २००४ नंतर पूर्व युरोपातून आलेल्यांची, ज्यांना पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा होती. पहिल्या लाटेच्या भागांत मालमत्तेचे गुन्हे थोडे वाढले, दुसरीच्या भागांत वाढले नाहीत. हिंसक गुन्हे दोन्हींत वाढले नाहीत. इटलीत पावलो पिनोत्ती यांनी परवाना थोडक्यात मिळालेले आणि थोडक्यात हुकलेले अर्जदार तपासले, तेव्हा परवाना मिळालेल्यांत गुन्ह्यांचं प्रमाण जवळपास निम्मं निघालं. माणूस तोच, देश तोच. फरक कायदेशीर काम मिळण्याचा.

आपल्याकडे ही अट आधीच पूर्ण आहे. बिहारचा माणूस जालन्यात भारताचा नागरिकच असतो. राज्यघटनेच्या कलम १९ नं त्याला देशात कुठेही फिरायचा, राहायचा आणि काम करायचा हक्क दिला आहे. त्यामुळे स्वीडनचे आकडे उचलून शेंद्र्याला लावणं बरोबर नाही, आणि टेक्सासचेही जसेच्या तसे लावू नयेत.

७. तुरुंगात परराज्यातले कैदी इतके असतात, ते उगीच का?

तुरुंगातली संख्या दोन गोष्टींवर ठरते: किती जण आत गेले आणि किती दिवस आत राहिले. दुसरी गोष्ट लोक विसरतात.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे जवळपास ७६ टक्के, कच्चे कैदी होते. त्यांचा खटला संपलेला नव्हता, दोष सिद्ध झालेला नव्हता. कच्चा कैदी बाहेर येतो तो जामिनावर, आणि जामिनाला लागतो जामीनदार.

एकाच मारामारीत पकडलेली दोन पोरं घ्या, एक गंगापूर तालुक्यातला, एक बिहारमधला. न्यायालय दोघांनाही एकाच दिवशी, एकाच रकमेचा जामीन मंजूर करतं. गंगापूरच्या पोराचा चुलता संध्याकाळपर्यंत सातबारा, आधार कार्ड आणि फोटो घेऊन हजर होतो. बिहारच्या पोराला इथे जमीन असलेला माणूस ओळखत नाही. खोलीमालक हात झटकतो, ठेकेदार फोन उचलत नाही. गावाहून भाऊ यायला आठवडा लागतो, आणि आला तरी त्याच्या परराज्यातल्या जमिनीवर जामीन घ्यायला न्यायालय सहसा तयार नसतं, ऐपतदाराचा दाखला मागतं. पहिला पोरगा एक रात्र आत राहतो, दुसरा कितीतरी महिने. तुरुंगाचे आकडे ज्या दिवशी मोजले जातात त्या दिवशी दुसराच सापडतो. गुन्हा एकच, आकडेवारीत मात्र फक्त बाहेरचा.

यावर कायद्यात वाटा आहेत. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं मानून त्याला जातमुचलक्यावर सोडावं अशी तरतूद आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेला कच्चा कैदी कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत राहिला असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याला सोडता येतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरही नाही.

८. रात्री फिरताना पकडलेले तर बाहेरचेच असतात. हे पोलिसांच्याच बातमीत येतं.

ती बातमी नीट वाचा. ‘स्वतःचे अस्तित्व लपवून संशयास्पदरीत्या अंधारात आढळून आला’ असं वाक्य असेल, तर कलम बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १२२ असतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडणं हाच त्यातला गुन्हा. चोरी झालेली असायची गरज नाही. जोडीला प्रतिबंधात्मक कारवाईची कलमं असतात. त्यांतही गुन्हा घडलेला नसतो, घडेल अशी शंका असते.

आता रात्री साडेबाराला दुसरी पाळी सुटून पायी खोलीवर जाणारा पोरगा डोळ्यांसमोर आणा. गस्तीची गाडी थांबते. कुठे राहतोस विचारलं की त्याला गल्लीचं नाव सांगता येत नाही, कारण खोली ‘पाण्याच्या टाकीमागे’ एवढीच त्याला माहीत. मराठी येत नाही. आधार कार्डावर पत्ता दुसऱ्या राज्याचा. त्याच रस्त्यावरचा स्थानिक पोरगा ‘अमुक अण्णांचा मुलगा’ म्हणून सुटतो. पोलिसाच्या मनात आकस असायचीही गरज नाही. ओळख पटणं हीच सुटकेची अट असेल, तर जो कुणाच्या ओळखीचा नाही तोच नोंदीत जाणार.

म्हणून आकडे वाचताना तक्रारीवरून झालेल्या अटका आणि पोलिसांनी स्वतःहून केलेल्या कारवाया वेगळ्या करा.

९. घरफोड्या, एटीएम फोडणं हे आंतरराज्य टोळ्याच करतात. त्या खोट्या आहेत का?

नाहीत. अशा टोळ्या आहेत आणि त्या सापडतातही. पण त्या इथे राहायला आलेल्या नसतात. त्या येतात, चोरी करतात आणि त्याच रात्री जिल्हा सोडतात. भाड्यानं खोली घेऊन वर्षभर मशिन चालवणाऱ्या कामगाराशी त्यांचं नातं एवढंच, की दोघांचं आधार कार्ड दुसऱ्या राज्याचं आहे. अटकेच्या नोंदीत तेवढंच दिसतं.

शिवाय माणसाच्या जिवाला आणि अब्रूला धोका मुख्यतः कुणाकडून असतो, तेही पाहा. २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. सगळ्यात जास्त, ९,९६२, वादावादीतून झाले आणि ३,७६१ वैरातून. फायद्यासाठी, म्हणजे लुटण्यासारख्या हेतूनं, १,८८४. बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. बांधाचा वाद, भाऊबंदकी, शेजार, घर. धोक्याची नजर अनोळखी माणसावर रोखून ठेवली की ही बाजू मोकळी राहते, आणि आम्हाला या विषयात सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते.

१०. ऊसतोडीच्या फसवणुकीत आपल्याच बीडच्या लोकांवर इतके गुन्हे कसे?

ही चांगली तपासणी आहे, कारण इथे ‘बाहेरचे’ आपण आहोत. सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या ठाण्यांत हंगामाच्या सुमारास एक ठरावीक फिर्याद येते: मजूर पुरवतो म्हणून मुकादमानं लाखो रुपये उचल घेतली आणि टोळी आणलीच नाही. फिर्यादी तिथला वाहनमालक, आरोपी मराठवाड्यातला किंवा खानदेशातला. गुन्हा फसवणुकीचा.

काही मुकादम खरंच दोन-तीन कारखान्यांच्या वाहनमालकांकडून पैसे उचलतात, हे खोटं नाही. पण या व्यवहाराची घडण पाहा. कारखाना पैसे वाहनमालकाला देतो, तो मुकादमाला, मुकादम कोयत्याला. नवराबायको मिळून एक कोयता. लेखी करार क्वचितच असतो. एखादी बाई आजारी पडली, जोडपं आलं नाही, किंवा मागच्या हंगामाची उचल फिटलीच नाही, तर तूट मुकादमावर येते. एरवी हा दिवाणी दावा झाला असता. इथे दबाव म्हणून फौजदारी होते. आणि या व्यवहारात टोळ्या पुरवणारे बाहेरच्या जिल्ह्यांतलेच असतात, त्यामुळे या एका प्रकारच्या गुन्ह्यात आरोपी जवळजवळ सगळे बाहेरचेच दिसणार. उलट बाजूला, उचल फिटेपर्यंत मजुराला डांबून ठेवणं, मारहाण, बायकांची छेडछाड यांच्या फिर्यादी फारशा होत नाहीत. परक्या तालुक्यातल्या ठाण्यात जायला एक दिवसाचा खाडा पडतो आणि टोळी तर दोन दिवसांनी दुसऱ्या फडावर जायची असते.

त्या आकड्यांवरून कुणी ‘बीडवाले फसवे’ म्हणालं तर आपल्याला ते जितकं लागतं, तितकंच भागलपूरच्या माणसालाही लागत असणार.

११. पारधी आणि भटक्या लोकांबद्दलही आकडे असंच सांगतात का?

इथे तर शिक्का आकड्यांच्याही आधीचा आहे. १८७१ च्या कायद्यानं ब्रिटिशांनी कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, पण संशय सुटला नाही. पाल पडलं की गावात चर्चा सुरू होते आणि चोरी झाली की पहिली झडती पालांची होते. जिथे शोधलं जातं तिथेच आरोपी सापडतात. ते सापडले की शिक्का पक्का होतो, आणि पुढच्या वेळी शोध तिथूनच सुरू होतो.

१२. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा व्हिडिओ आला. खबरदारी म्हणून ग्रुपवर टाकला तर काय बिघडलं?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांना अडवलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे मारलं. मेलेले मराठी बोलणारे, महाराष्ट्रातलेच होते. ‘बाहेरचा’ ही रेघ राज्याच्या सीमेवर थांबत नाही.

असा व्हिडिओ आला की ११२ वर फोन करा किंवा ठाण्यात दाखवा. ग्रुपवर टाकू नका.

१३. बांगलादेशी पकडल्याच्या बातम्या येतात. त्या गुन्हेगारीत धरायच्या का?

वेगळ्या धराव्यात. वैध कागदपत्रांशिवाय देशात राहणं हाच कायद्यानं गुन्हा आहे. पूर्वी तो १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखाली होता, आता २०२५ च्या नव्या कायद्याखाली आहे. त्यासाठी कारवाई होणं योग्यच. पण हा गुन्हा स्थानिक माणूस करूच शकत नाही. म्हणून तो चोरी-मारामारीच्या बेरजेत मिसळला, तर परदेशी लोकांचा दर आपोआप वाढतो. आणि बंगाली बोलणारा प्रत्येक जण बांगलादेशी नसतो, मालदा-मुर्शिदाबादचे गवंडी भारतीयच आहेत.

१४. खोली भाड्यानं देताना पोलीस पडताळणी करावी की नाही?

करावी, आणि सगळ्यांची करावी. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, कायमचा पत्ता आणि कामाचं ठिकाण ही माहिती ठाण्यात दिली की मालकही सुरक्षित राहतो आणि भाडेकरूही, कारण रात्री गस्तीवर अडवलं तर त्याची नोंद सापडते (प्रश्न ८). फक्त परप्रांतीयांची पडताळणी करून लातूरच्या, परभणीच्या भाडेकरूला तसाच ठेवला, तर अर्धं काम झालं. मूळ आधार कार्ड मात्र कुणाचंही ठेवून घेऊ नका, प्रत पुरेशी असते.

१५. आमच्या ठाण्याचा खरा हिशोब करायचा असेल तर माहिती अधिकारात काय मागू?

प्रश्न ४ मधला हिशोब करायला तीन गोष्टी लागतात. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अर्ज वेगवेगळे करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

पहिल्या अर्जात ठाण्यातल्या एका वर्षाच्या अटकांची संख्या मागा: गुन्ह्याचं कलम, वय, आणि कायमचा पत्ता त्याच तालुक्यातला, दुसऱ्या जिल्ह्यातला की दुसऱ्या राज्यातला. अटकेच्या फॉर्ममध्ये कायमच्या पत्त्याचा रकाना असतोच. नावं मागू नका, ती मिळणार नाहीत आणि लागतही नाहीत. दुसऱ्या अर्जात प्रतिबंधात्मक कारवाया आणि कलम १२२ च्या कारवाया वेगळ्या मागा. ठाण्याकडून ‘अशी माहिती संकलित केलेली नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. मग एकाच महिन्याच्या नोंदींची पाहणी करू देण्याची विनंती करा. महिना लहान असतो, नकार द्यायला कारण उरत नाही.

तिसरी गोष्ट, म्हणजे हद्दीत बाहेरून आलेले तरुण नेमके किती, ही पोलिसांकडे मिळत नाही. कामगार कार्यालयाकडून नोंदणीकृत ठेकेदारांनी दाखवलेली कामगारसंख्या मिळते, पण ती प्रत्यक्षापेक्षा कमी असते. त्यामुळे आलेला दर हा वरचा अंदाज आहे असं समजा, आणि कुणाला सांगाल तेव्हा तसं म्हणूनच सांगा.